मित्राचे वडील गेले, मेसेजमध्ये काय लिहायचं?

वडील गेले त्या दिवशी मुलाच्या हातातला फोन सतत कामात असतो. गावाकडच्या चुलत्यांना कळवायचं, मुंबईहून निघालेली बहीण कुठवर पोचली ते विचारायचं, डॉक्टरांचा दाखला, शववाहिनी, स्मशानभूमीतली वेळ, सामान आणायला कोण गेलंय याची चौकशी. या सगळ्याच्या मधेच तुमचा मेसेज येऊन पडणार. तो वाचला जाणार जिन्यात उभ्या उभ्या, नाहीतर संध्याकाळी सगळं आटोपून, आंघोळ करून भिंतीला टेकल्यावर. वाचणाऱ्याला रात्रभर झोप नसते, आणि त्याआधी आलेल्या कितीतरी मेसेजांत 'भावपूर्ण श्रद्धांजली' एवढंच लिहिलेलं असतं.

मेसेज कसा असावा ते या परिस्थितीवरूनच ठरतं. तो बोट न सरकवता एका नजरेत दिसावा, म्हणजे साधारण चाळीस ते साठ शब्द. त्याने वाचणाऱ्याच्या मागे आणखी काम लावू नये. आणि त्यात निदान एक ओळ अशी असावी, जी बाकीच्या कुणाला लिहिता आली नसती.

विशी-पंचविशीत पहिल्यांदा जवळच्या मित्राचे वडील जातात, तेव्हा बहुतेकांची पंचाईत होते. तोवर असले प्रसंग आईवडिलांनी निभावलेले असतात. आपण फक्त त्यांच्या मागे जाऊन सतरंजीवर बसून आलेलो असतो. घरी गेल्यावर न बोलता बसता येतं, तेच बरोबरही असतं. लिहिताना मात्र काहीतरी लिहावंच लागतं. हा लेख तेवढ्यापुरताच आहे: पहिल्या दिवशी, एकट्या मित्राला पाठवायचा छोटा मेसेज.

आधी खात्री, मग जागा

एक उदाहरण घेऊन चालू. समजा, मित्राचं नाव महेश. नोकरी पुण्यात, घर सातारा जिल्ह्यात कोरेगावजवळ. वडील एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. तुम्ही दोघं हॉस्टेलला एका खोलीत होतात, चार सुट्ट्यांत तुम्ही त्याच्या घरी राहून आलात. आता तुम्ही बंगळूरला आहात. सकाळी सचिन नावाच्या तिसऱ्या मित्राचा फोन येतो: अण्णा पहाटे गेले.

पहिलं काम लिहिण्याचं नाही, खात्री करण्याचं. 'सीरियस आहेत' आणि 'गेले' यांची फोनाफोनीत सरमिसळ होते, आणि माणूस अजून आयसीयूत असताना श्रद्धांजलीचा मेसेज जाऊन पडल्याचे प्रकार घडतात. सचिनला कुणी सांगितलं ते विचारा. महेशने स्वतः किंवा त्याच्या भावाने, मेहुण्याने सांगितलं असेल तर प्रश्न मिटला. नुसतं कुठल्यातरी ग्रुपवर वाचलं असेल, तर घरातल्या जवळच्या माणसाला फोन करा. महेशला नाही.

याच फोनवर बाकीचं सगळं विचारून घ्या. काय झालं होतं, अंत्यविधी कुठे आणि किती वाजता, सावडणं कधी, महेश गावी पोचला का. कोल्हापूरकडे घर असेल तर 'रक्षाविसर्जन' हा शब्द ऐकू येईल. दिवस कोणता तेवढं नीट विचारा, कारण काही घरांत ते तिसऱ्या दिवशी असतं तर काही घरांत दुसऱ्याच दिवशी उरकतात. ही माहिती हाताशी असली की महेशला लिहिताना एकही प्रश्न विचारावा लागत नाही.

जागा म्हणजे कुठे लिहायचं. ग्रुपवर सगळ्यांच्या खाली तुमचंही एक वाक्य असू द्या, त्याला हरकत नाही, पण जवळच्या मित्राचं काम तेवढ्याने भागत नाही. महेशच्या स्वतःच्या नंबरवर वेगळा मेसेज हवाच. आणि स्टेटसला अण्णांचा फोटो टाकायची घाई नको. लांबच्या आत्याला, परदेशातल्या भाच्याला अजून कळवलेलं नसतं, आणि त्यांना तुमच्या स्टेटसवरून कळलं तर त्या घरात वर्षानुवर्षं त्याची आठवण निघते. घरच्यांनी स्वतः टाकलं की मग काय ते करा. (श्रद्धांजलीच्या चित्रात कोपऱ्यात स्वतःचा फोटो, खाली हुद्दा आणि मोबाइल नंबर घालणाऱ्यांविषयी मी इथे काही लिहीत नाही. ते प्रकरण निवडणुकीचं आहे, सांत्वनाचं नव्हे.)

हाताला येईल तो मेसेज

आता लिहायला बसलं की पहिल्या झटक्यात साधारण असं उतरतं:

«भावपूर्ण श्रद्धांजली. ऐकून धक्काच बसला. अचानक कसं काय झालं? काही आजार होता का? वय काय होतं काकांचं? देवापुढे कुणाचं काही चालत नाही. आता तूच घरातला कर्ता आहेस, खंबीर राहा, आईला सांभाळ. काहीही मदत लागली तर अर्ध्या रात्री फोन कर.»

यात वाईट हेतूचा एकही शब्द नाही. आपल्याकडे समोरासमोर भेटल्यावर हेच बोललं जातं आणि तिथे ते खपूनही जातं, कारण बोलणाऱ्याचा हात खांद्यावर असतो. फोनच्या पडद्यावर हात नसतो, नुसती वाक्यं उरतात. ती एकेक पाहू.

तीन प्रश्न आहेत. 'कसं काय झालं' ही हकिगत महेश त्या दिवशी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत असतो: पहाटे घाम आला, पाणी मागितलं, गाडी काढेपर्यंत. प्रत्येक वेळी सांगताना त्याला तिथे पुन्हा जावं लागतं. तुम्हाला तीच हकिगत त्याने टाइप करून पाठवावी असं तुमच्या मनात नसेलही, पण प्रश्नचिन्ह दिसलं की माणसाला उत्तर देणं भाग वाटतं. वयाचा प्रश्न तर सगळ्यात अवघड. बाहात्तर म्हटलं की 'बरं, म्हणजे वय झालं होतं' हे पुढचं वाक्य मनात तयार असतं, आणि ते न बोलताही त्याला ऐकू येतं.

'आता तूच घरातला कर्ता' हे वाक्य मला सगळ्यात जड वाटतं. ज्याच्या डोक्यावरचं छत्र सकाळी गेलं, त्याच्या डोक्यावर दुपारच्या आत सगळं घर ठेवायचं. तो ते उचलणारच आहे, तुम्ही सांगायची गरज नाही. 'खंबीर राहा'चाही अर्थ त्याला ऐकू येतो तो 'रडू नकोस' असा. मित्रापुढे तरी त्याला रडता यावं. मैत्रीण असेल तर त्यात आणखी एक भर पडते: 'भावाला सांभाळ, आईकडे बघ.' तिचे स्वतःचे वडील गेलेत हे त्या गडबडीत कुणाच्या लक्षातच राहत नाही.

आणि शेवटचं, 'काहीही लागलं तर सांग'. मनापासूनचंच असतं, पण त्यात काम कुणाकडे गेलं पाहा. काय लागतंय ते त्याने ठरवायचं, कुणाला सांगायचं ते आठवायचं, मग संकोच गिळून फोन करायचा. कुणी करत नाही. याचा इलाज पुढे येतो.

पहिली ओळ

«महेश, अण्णा गेल्याचं आत्ता सचिनकडून कळलं.»

एवढ्या ओळीने तीन कामं होतात. तुम्हाला कळलंय, म्हणजे त्याच्या यादीतला एक फोन कमी झाला. कुणाकडून कळलं तेही त्याला समजलं. आणि जे झालं ते तुम्ही सरळ लिहिलंत. 'ती बातमी', 'जे काही झालं ते', 'हे काय ऐकतोय मी' अशी आडवळणं घेतली की वाचणाऱ्याला उगाच परकं वाटतं. 'गेले' हा शब्द घरातला आहे, सगळीकडे चालतो. 'निधन झाले' कळवण्याच्या छापील मजकुरात शोभतं. 'एक्सपायर झाले' बोलण्यात कितीही रुळलं असलं तरी इथे नको. त्याला औषधाच्या स्ट्रिपचा वास येतो.

वडिलांना काय म्हणायचं, यावर मात्र थोडा विचार करा. आपल्याकडे घरोघरी वेगळं नाव: अण्णा, आप्पा, नाना, तात्या, भाऊ, दादा, पप्पा, बाबा. घरात ज्या नावाने हाक मारत तेच लिहा, जर ते तुमच्याही तोंडात असेल तर. तुम्ही समोर नेहमी 'काका' म्हणत असाल तर काकाच लिहा. ज्या माणसाला आयुष्यात एकदाच भेटलात त्याला एकदम 'अण्णा' म्हणून जवळीक दाखवू नका. तिथे 'तुझे बाबा' पुरतं. आणि 'तुझे वडील' हे चुकीचं नसलं तरी मित्रामित्रांत ते जरा फॉर्म भरल्यासारखं वाटतं.

त्यानंतर तुमच्या मनातलं एक छोटं वाक्य: «फार वाईट वाटलं रे.» बस. 'माझ्याकडे शब्दच नाहीत' लिहून पुढे दहा ओळी लिहायच्या नाहीत. 'मला तर रडूच आवरत नाहीये' असं लिहिलंत तर तो बिचारा तुमचीच समजूत काढायला बसेल.

आठवणीची ओळ

मेसेजची खरी ऊब इथे असते, म्हणून यावर दहा मिनिटं खर्च झाली तरी चालतील.

अडचण अशी की आठवायला बसलं की आधी गुण आठवतात. अण्णा मनमिळाऊ होते, कष्टाळू होते, सगळ्यांना मदत करायचे. हे खरंच असतं, पण ते कुठल्याही अण्णांबद्दल लिहिता येतं, आणि वर्तमानपत्रातल्या चौकटीतही हेच शब्द असतात. गुण बाजूला ठेवा आणि स्वतःला साधे प्रश्न विचारा. मी त्यांच्या दारात पहिल्यांदा गेलो तेव्हा ते काय म्हणाले? ते कुठे बसलेले असायचे? मला काय नावाने हाक मारायचे? जेवताना कशाचा आग्रह करायचे? फोन महेशने न उचलता त्यांनी उचलला तर काय बोलायचे? यातल्या एकाचं तरी उत्तर सापडतंच.

आपल्या उदाहरणात सापडतं ते असं. तुम्ही घरात पाऊल ठेवलं की अण्णा पाणी विचारायच्याही आधी विचारायचे, 'कुठल्या गाडीनं आलास?' मग ती गाडी कशी वेळखाऊ आणि तिच्या आधीची कशी बरी, हे सांगायचे. निघताना परतीच्या गाड्यांच्या वेळा कॅलेंडरच्या मागच्या कागदावर लिहून, घडी घालून खिशात द्यायचे. निवृत्त झालेला कंडक्टर, त्याला दुसऱ्याच्या प्रवासाची चिंता.

हे सगळं मेसेजमध्ये घालायचं नाही. एवढंच:

«मी कधीही आलो तरी पाण्याच्या आधी ते 'कुठल्या गाडीनं आलास?' विचारायचे आणि निघताना परतीच्या वेळा लिहून द्यायचे. तेव्हापासून तेच आठवतंय.»

महेशने ही गोष्ट हजार वेळा पाहिलेली असते, कदाचित तिला वैतागलेलाही असतो. पण ती बाहेरच्या कुणीतरी जपून ठेवली होती, हे त्याला नवीन असतं. त्याचे अण्णा त्याच्याशिवाय दुसऱ्याच्याही डोक्यात तसेच्या तसे आहेत, ही त्या दिवशी मिळण्यासारखी मोठी गोष्ट आहे. 'किती चांगले होते' हे वेगळं लिहायची मग गरज उरत नाही.

आठवण निवडताना थोडी सावधगिरी बाळगा. तिच्यात अण्णा हवेत. तुम्ही केलेल्या मदतीची किंवा तुमच्या कौतुकाची गोष्ट नको. हलकीफुलकी चालते, विनोदी नको. हसू त्याला आपोआप आलं तर येऊ द्या. दवाखान्यातली शेवटची भेट, नळ्या, उतरलेला चेहरा, हे तर नकोच. त्या माणसाला धडधाकट असतानाचं आठवा.

मदतीची ओळ, आणि सुटका

'काहीही लागलं तर'ऐवजी एक ठरावीक काम उचला, आणि ते तुमच्या आवाक्यातलं असू द्या. तुम्ही जवळ राहत असाल तर कामांना तोटा नसतो. स्टेशनवरून पाहुण्यांना आणणं, बाहेर खुर्च्या आणि पाण्याची व्यवस्था, महेशच्या मुलीला शाळेतून घेऊन येणं. त्या दिवशी घरात चूल पेटत नाही. शेजारीपाजारी पिठलं-भात किंवा भाकरी आणून देतात. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या चहा-दुधाचं कुणी बघत नाही, ते बघता येतं. जेवण न्यायचं असेल तर घरातल्या एखाद्या काकू-मावशीला आधी विचारा, कारण सुतकात काय चालतं ते घराघराचं वेगळं असतं.

तुम्ही लांब असाल, जसे आपण बंगळूरला आहोत, तर फोनवरून होणारी कामं आहेत. हॉस्टेलच्या बाकीच्या मित्रांना कळवणं हे त्यातलं सोपं आणि फार उपयोगाचं. ऑफिसात तुमच्या ओळखीचं कुणी असेल तर तिथे निरोप देणं. हेही 'करू का?' असं न विचारता 'करतोय' असं लिहा, म्हणजे नको असेल तेवढंच त्याला सांगावं लागेल. पैशांचा विषय लेखी काढू नका. गरज आहे असं वाटत असेल तर सचिनशी बोला, आणि द्यायचेच असतील तर भेटून.

येणार असाल तर दिवस सांगा. 'लवकरच भेटू' याला अर्थ नाही. येता येणार नसेल तर तेही एका वाक्यात. सुट्टी का मिळाली नाही याची कैफियत नको.

आणि शेवटी त्याची सुटका करा: «याला उत्तर देऊ नकोस.» हे लिहिणं अनेकांना उद्धट वाटतं. तसं ते वाटू नये म्हणून हवं तर 'आत्ता' घाला, 'आत्ता उत्तर देत बसू नकोस'. माझ्या मते संपूर्ण मेसेजमध्ये वाचणाऱ्याच्या सगळ्यात कामाची ओळ हीच.

पूर्ण मेसेज मग असा होतो:

«महेश, अण्णा गेल्याचं आत्ता सचिनकडून कळलं. फार वाईट वाटलं रे. मी कधीही आलो तरी पाण्याच्या आधी ते 'कुठल्या गाडीनं आलास?' विचारायचे आणि निघताना परतीच्या वेळा लिहून द्यायचे. तेव्हापासून तेच आठवतंय. हॉस्टेलच्या सगळ्यांना मी कळवतोय. शनिवारी सकाळी घरी येतो. आत्ता उत्तर देत बसू नकोस.»

चाळीसेक शब्द. पाठवण्याआधी एकदा मोठ्याने वाचा. ज्या वाक्यावर तुमचा आवाज भाषणासारखा चढतो ते वाक्य काढा. मित्राशी तुम्ही एरवी ज्या भाषेत बोलता तीच असू द्या. रोज 'अरे-तुरे' करणाऱ्याने त्या दिवशी 'आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत' लिहिलं की ते ऑफिसच्या लेटरहेडवरून आल्यासारखं होतं. ऑटोकरेक्टने नावाची वाट लावली नाही ना, तेही बघा. व्हॉइस नोट टाळा. ती चारचौघांत ऐकता येत नाही, आणि तुमचा रडवेला आवाज ऐकायला त्याला कोपरा शोधावा लागतो. फोनही पहिल्या दिवशी अगदी जवळच्यांनीच करावा, आणि दोनदा वाजून उचलला नाही तर तिथेच थांबावं.

प्रसंग वेगळा असेल तेव्हा

वडिलांना कधी भेटलाच नसाल तर आठवण बनवू नका. मित्राच्या बोलण्यातून ते तुमच्यापर्यंत पोचलेलेच असतात, ते वापरा. «मी बाबांना कधी भेटलो नाही, पण दर रविवारी त्यांचा फोन आला की तू बाल्कनीत जाऊन अर्धा तास बोलायचास, ते पाहिलंय.» ही ओळ खरी आहे आणि पुरेशी आहे.

दीर्घ आजारपणानंतर गेले असतील तर आपल्या तोंडात 'सुटले बिचारे' तयार असतं. 'झोपेत गेले, भाग्यवान', 'चालता-बोलता गेले, सोनं झालं' हीसुद्धा त्याच जातीची वाक्यं. ही म्हणायचा हक्क घरच्यांचा. महेश स्वतः म्हणाला तर 'हो रे' म्हणा, पण सुरुवात तुम्ही करू नका. त्याऐवजी त्याने काय केलं ते लिहा: «ही दोन वर्षं तू दर पंधरा दिवसांनी गावी जात होतास, अण्णांना ते कळत होतं.» मात्र 'तू काही कमी केलं नाहीस' असं गुण दिल्यासारखं नको, कुठे कमी पडलो याचाच हिशेब तो मनात करत बसलेला असतो.

बाप-लेकाचं पटत नसेल, तर हा सगळ्यात नाजूक प्रसंग. तिथे 'बाप हा बापच असतो' लिहू नका आणि वडिलांची तोंडभर स्तुतीही नको. आठवणीची ओळ गाळा. «बाबा गेल्याचं कळलं. तुझी आठवण येतेय. बोलावंसं वाटलं किंवा नुसतं बसावंसं वाटलं तरी मी आहे.» एवढ्यावर थांबा. अपघात किंवा आत्महत्या असेल तरीही असंच, आणि कारणाचा उल्लेखच नको. तो सांगेल तेव्हा सांगेल.

मित्र परदेशात असेल आणि पोचू शकला नसेल, तर त्याने अंत्यविधी व्हिडिओ कॉलवर पाहिलेला असतो. त्याला 'शेवटचं दर्शन मिळालं नाही याचं वाईट वाटतं' असं लिहिणं म्हणजे जखमेवर बोट ठेवणं. तुम्ही इथे असाल तर त्याच्या वतीने घरी जाऊन या आणि मग लिहा: आई जेवली, बहीण सोबत आहे, घरात माणसं आहेत. त्याला त्या दिवशी ही बातमी हवी असते, आणि घरातलं कुणी ती द्यायच्या मनःस्थितीत नसतं.

देवाचं नाव घ्यायचं का

'ईश्वर मृतात्म्यास सद्गती देवो' हे वाक्य आपण सवयीने सगळ्यांना पाठवतो. बौद्ध घरात ते बसत नाही. तिथे ईश्वर आणि आत्मा दोन्ही शब्द खटकतात. 'विनम्र अभिवादन' किंवा नुसतं साधं मराठी लिहा. पुढे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो, त्याला जाता आलं तर जा. वारकरी घरात 'राम कृष्ण हरी' म्हणणं स्वाभाविक, पण तुम्ही स्वतः एरवी म्हणत असाल तरच. लिंगायत घरातून 'लिंगैक्य झाले' असा निरोप येतो. मुसलमान मित्राला 'इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन' लिहिणं बरोबरच असतं, पण अर्थ न कळता चिकटवण्यापेक्षा 'अब्बांना अल्लाह जन्नत नसीब करो' हे अधिक जवळचं. गोव्यातल्या ख्रिस्ती मित्राला 'देव तांच्या आत्म्याक शांती दिवं' चालतं. मित्र देव मानतच नसेल तर देव गाळा. वरच्या मेसेजमध्ये देव कुठेच नाही आणि काही अडलेलंही नाही.

उशिरा कळलं, आणि त्यानंतर

आठ-पंधरा दिवसांनी कळलं तर 'आता काय लिहायचं' म्हणून गप्प बसू नका. «मला आजच कळलं» ही पहिली ओळ, बाकी सगळं तेच. तेरावं उरकलं की पाहुणे परततात, फोन शांत होतो, आणि घरात कागदपत्रांचा ढीग उरतो. मृत्यूची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते; ती झाली की दाखल्याच्या प्रती, पेन्शन, बँक, विमा अशी धावपळ सुरू होते. या टप्प्यावर आलेला मेसेज पहिल्या दिवशीच्या गर्दीतल्या मेसेजपेक्षा जास्त वेळा वाचला जातो.

म्हणून पहिल्या मेसेजनंतर महिनाभराने आणखी एक पाठवा. तो याहूनही छोटा: «आज सातारा स्टँडवर उतरलो, अण्णांची आठवण झाली. काकू कशा आहेत?» इथे प्रश्न चालतो, कारण आता त्याला बोलायला वेळ असतो आणि अण्णांचं नाव काढणारे कमी झालेले असतात. उत्तर लांबलचक आलं तर वाचा आणि बोला. नुसता अंगठा आला तर तेही उत्तरच.

वर्षाच्या आत येणाऱ्या सणांचंही लक्षात असू द्या. अनेक घरांत वर्षभर सण करत नाहीत. नातेवाईक येऊन दुखवटा काढतात, पहिल्या दिवाळीला शेजारी फराळाचं ताट नेऊन देतात. तुमच्या दिवाळीच्या शुभेच्छा ब्रॉडकास्ट लिस्टवरून एकगठ्ठा जात असतील, तर आजच त्या लिस्टमधून महेशचं नाव काढून ठेवा, आणि त्या दिवशी त्याला वेगळा फोन करा.